जुनं क्रेडिट कार्ड बंद केल्यावर नेमकं काय बदलतं?

नोकरी लागल्यावर घेतलेलं पहिलं क्रेडिट कार्ड बरेच जण पुढे वापरत नाहीत. हातात नवी कार्डं येतात आणि जुनं कपाटात पडून राहतं. त्याचं वार्षिक शुल्क मात्र दरवर्षी बिलात येतं. मग प्रश्न पडतो, की हे कार्ड बंद केलं तर सिबिल स्कोअर खाली येईल का?

यावर दोन टोकांची उत्तरं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, जुनं कार्ड कधीच बंद करू नका, सगळा इतिहास पुसला जातो. कुणी म्हणतं, थकबाकी नसेल तर काहीच फरक पडत नाही. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. कार्ड बंद केल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी बदलतात. एक लगेच बदलते आणि भरूनही काढता येते. दुसरी हळूहळू बदलते आणि ती भरून काढायला वेळाशिवाय दुसरा उपाय नाही. या दोन्ही एकेक करून पाहू.

१. बँकेला तुमच्याबद्दल काय दिसतं?

तुम्ही कर्जासाठी अर्ज करता तेव्हा बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते. भारतात असे रिपोर्ट चार कंपन्या तयार करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या कंपन्यांचं काम २००५च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याखाली चालतं आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बोलताना आपण चारही कंपन्यांच्या स्कोअरला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो. हा स्कोअर ३०० ते ९०० या टप्प्यात असतो.

रिपोर्टमध्ये तुमच्या प्रत्येक कर्जाची आणि प्रत्येक कार्डाची स्वतंत्र नोंद असते. कार्डाच्या नोंदीत खातं कधी उघडलं, लिमिट किती, सध्या येणं किती, कोणत्या महिन्यात हप्ता चुकला का, आणि खातं बंद झालं असेल तर कधी, हे लिहिलेलं असतं. ही माहिती बँका ठरावीक काळाने कळवत असतात. १ जानेवारी २०२५ पासून ती महिन्यातून किमान दोनदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची, कळवणं बंधनकारक झालं.

कार्ड बंद करण्याच्या प्रश्नाशी यातल्या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे : लिमिट आणि खातं उघडल्याची तारीख.

२. लिमिटपैकी किती वापरलं?

तुमच्या सगळ्या कार्डांचं मिळून जेवढं लिमिट आहे, त्यापैकी किती रक्कम सध्या वापरात आहे, याच्या टक्केवारीला युटिलायझेशन म्हणतात. आपण त्याला ‘वापराचं प्रमाण’ म्हणू. लिमिट एक लाख आणि बिल वीस हजारांचं असेल, तर प्रमाण २० टक्के.

बँका या आकड्याकडे लक्ष देतात, कारण लिमिटच्या काठापर्यंत कार्ड वापरणाऱ्या माणसाची पैशांची ओढाताण चालू असण्याची शक्यता जास्त असते. प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. ती ढोबळ खूण आहे. २९वरून ३१ झाल्याने स्कोअर एकदम कोसळत नाही. प्रमाण जितकं कमी तितकं बरं, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एका गोष्टीचा नेहमी घोळ होतो. ‘मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मग माझं प्रमाण शून्यच असणार ना?’ तसं नाही. तुम्ही नंतर पूर्ण पैसे भरता की नाही, हे हप्ते वेळेवर भरण्याच्या नोंदीत दिसतं. वापराचं प्रमाण मात्र बँकेने माहिती कळवली त्या तारखेला खात्यावर जी रक्कम दिसत होती, तिच्यावरून निघतं. त्यामुळे एक पैसाही व्याज न भरणाऱ्या माणसाचं प्रमाण रिपोर्टमध्ये ४० टक्के दिसू शकतं.

आता कार्ड बंद केल्यावर काय होतं? वापरलेली रक्कम तेवढीच राहते आणि एकूण लिमिट घटतं. म्हणजे तुमचा खर्च एका रुपयानेही न वाढता प्रमाण वाढतं.

३. एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, एका शिक्षिकेकडे तीन बँकांची तीन कार्डं आहेत.

पहिलं चौदा वर्षांपूर्वीचं. लिमिट १,२०,००० रुपये. वापर शून्य. वार्षिक शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५९० रुपये.

दुसरं सात वर्षांपूर्वीचं. लिमिट ८०,०००. महिन्याचं बिल ३२,०००.

तिसरं दोन वर्षांपूर्वीचं. लिमिट ५०,०००. महिन्याचं बिल १८,०००.

एकूण लिमिट २,५०,००० आणि एकूण वापर ५०,०००. प्रमाण आलं २० टक्के.

पहिलं कार्ड बंद केलं, की एकूण लिमिट १,३०,००० उरतं. वापर तोच, ५०,०००. प्रमाण झालं ३८ टक्क्यांहून थोडं जास्त. म्हणजे जे कार्ड त्या वापरतच नव्हत्या, त्याने प्रमाण इतके दिवस खाली धरून ठेवलं होतं.

प्रत्येक कार्डाचं वेगळं प्रमाणही रिपोर्टवरून काढता येतं. दुसऱ्या कार्डाचं ४० टक्के आणि तिसऱ्याचं ३६ टक्के आधीही होतं आणि पुढेही तेवढंच राहील. बदलली ती फक्त एकूण बेरीज. म्हणूनच ज्यांचा खर्च मुळात लिमिटच्या मानाने किरकोळ आहे, त्यांना कार्ड बंद केल्याचा या बाजूने फारसा फटका बसत नाही. याच शिक्षिकेचा दोन कार्डांवरचा एकूण खर्च ६,५०० रुपये असता, तर प्रमाण २.६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलं असतं. त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर गणित आणखी वेगळं होतं. पुष्कळदा अशा कार्डांना मिळून एकच सामाईक लिमिट असतं. त्यातलं एक बंद केलं तरी दुसऱ्यावर तेवढंच लिमिट राहतं. तुमच्या कार्डांचं लिमिट सामाईक आहे की वेगळं, हे बँकेच्या ॲपमध्ये दिसतं. निर्णयाआधी ते पाहून घ्यावं.

४. वाढलेलं प्रमाण खाली कसं आणायचं?

वापराच्या प्रमाणाची चांगली बाजू ही, की ते जितक्या पटकन वर जातं तितक्याच पटकन खाली आणता येतं. त्याचे दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला मार्ग, बिल तयार होण्याची वाट न पाहता आधीच पैसे भरणं. वरच्या उदाहरणात खर्च झालेल्या ५०,०००पैकी ३०,००० रुपये शिक्षिकेने बिलाच्या तारखेआधी आणि माहिती कळवली जाण्याआधी भरले, तर खात्यावर २०,००० दिसतील. १,३०,०००च्या लिमिटवर हे १५ टक्क्यांच्या आसपास झालं. खर्च तेवढाच झाला, फक्त पैसे आधी भरले गेले.

दुसरा मार्ग, उरलेल्या कार्डाचं लिमिट वाढवून घेणं, आणि तेही जुनं कार्ड बंद करण्याआधी. दुसऱ्या कार्डाचं लिमिट ८०,०००चं १,३०,००० झालं, तर जुनं कार्ड गेल्यावरही एकूण लिमिट १,८०,००० राहील आणि प्रमाण २८ टक्क्यांच्या आत येईल. तुमच्या संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, त्यामुळे विनंती तुम्हालाच करावी लागते. विनंती केल्यावर बँक कधी कधी तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये राहते. म्हणून हे काम कर्जाच्या अर्जाच्या तोंडावर करू नये.

५. इतिहासाचं वय : काय पुसलं जातं, काय राहतं?

आता दुसरा भाग. तुम्ही किती वर्षांपासून उधारीचे व्यवहार सांभाळत आहात, याला स्कोअरमध्ये वजन असतं. त्यात सर्वात जुन्या खात्याचं वय आणि सगळ्या खात्यांचं सरासरी वय अशा दोन्ही अंगांनी विचार होतो.

‘कार्ड बंद केलं की इतिहास गेला’ ही समजूत चुकीची आहे. वाण्याच्या उधारीच्या वहीत एखाद्या गिऱ्हाइकाने सगळी बाकी चुकती केली आणि खातं संपवलं, म्हणून वाणी ते पान फाडून टाकत नाही. पान वहीतच राहतं, त्यावर नवी ओळ तेवढी पडत नाही. क्रेडिट रिपोर्टचंही तसंच आहे. बंद झालेलं कार्ड रिपोर्टमध्ये ‘बंद’ या नोंदीसह राहतं. उघडल्याची तारीख, वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद आणि बंद केल्याची तारीख हे सगळं तिथे असतं. पतमाहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपावी लागते. म्हणजे चौदा वर्षांची शिस्त एका अर्जाने एका दिवसात नाहीशी होत नाही.

मग बदलतं काय? पहिली गोष्ट, त्या खात्यात दर महिन्याला पडणारी ‘वेळेवर भरलं’ ही नवी नोंद थांबते. दुसरी, काही वर्षांनी ती जुनी नोंद रिपोर्टमधून निघून जाऊ शकते आणि त्या दिवशी तुमचा इतिहास अचानक तरुण दिसू लागतो. तिसरी, वय मोजताना बंद खाती धरायची की फक्त चालू खाती, हे प्रत्येक स्कोअरच्या सूत्रावर अवलंबून असतं आणि ही सूत्रं कंपन्या तपशिलात जाहीर करत नाहीत.

आपल्या उदाहरणात दोन्ही टोकं मोजून पाहू. तिन्ही कार्डं धरली तर वयांची बेरीज १४ अधिक ७ अधिक २, म्हणजे २३ वर्षं. सरासरी साडेसात वर्षांहून थोडी जास्त. फक्त चालू कार्डं धरली तर बेरीज ९ आणि सरासरी साडेचार वर्षं. खरा परिणाम या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठे तरी पडेल, असं धरून निर्णय घेणं शहाणपणाचं.

हेच तिसरं, दोन वर्षांचं कार्ड बंद केलं असतं तर? चालू कार्डांची सरासरी उलट साडेदहा वर्षांवर गेली असती आणि एकूण लिमिटही फक्त ५०,०००ने घटलं असतं. म्हणून कार्डं कमीच करायची असतील आणि शुल्क सारखंच असेल, तर सहसा सर्वात नवं आणि सर्वात कमी लिमिटचं कार्ड आधी सोडावं.

फक्त कार्डंच नाही, घराचं, गाडीचं, शिक्षणाचं कर्जही याच इतिहासात मोजलं जातं. वीस वर्षांचं गृहकर्ज वेळेवर फेडत असलेल्या माणसाने एक जुनं कार्ड बंद केलं, तर त्याच्या इतिहासाला फारशी बाधा येत नाही. ज्याच्याकडे कधीच कर्ज नव्हतं आणि एकुलतं एक कार्ड आहे, त्याने ते बंद केलं तर रिपोर्टमध्ये चालू असं काहीच उरत नाही. अशा माणसाने दुसरं, बिनशुल्काचं कार्ड आधी घ्यावं आणि ते वर्ष-दीड वर्ष चालवून मगच पहिल्याचा विचार करावा. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा सोपा मार्ग आहे.

६. अमेरिकेतले आकडे इथे चालवू नका

या विषयावर वाचताना ‘वापराच्या रकमेला ३० टक्के वजन, इतिहासाच्या लांबीला १५ टक्के’ असे नेमके आकडे भेटतात. ते अमेरिकेतल्या फायको स्कोअरचे आहेत. फायको बंद खात्यांचंही वय मोजतो, आणि चांगल्या स्थितीत बंद झालेलं खातं तिथल्या रिपोर्टमध्ये दहा वर्षांपर्यंत राहतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे नियम लागू आहेत. पुण्यात राहणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू नाहीत. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे खरी आहे : वेळेवर भरणं हे सर्वात वजनदार, त्यानंतर वापराचं प्रमाण, आणि इतिहासाची लांबी त्यांच्या मागे.

७. मग त्या शिक्षिकेने काय करावं?

समजा, त्या दोन महिन्यांनी ३० लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज करणार आहेत. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअरच्या टप्प्यांनुसार ठरवतात. प्रमाण २०वरून ३८वर गेल्याने स्कोअर थोडा उतरला आणि नेमका खालच्या टप्प्यात गेला, तर काय होईल? वीस वर्षांच्या मुदतीला साडेआठ टक्के दराने हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पावणेनऊ टक्क्यांनी तो सुमारे २६,५११ होतो. महिन्याला ४७६, म्हणजे वर्षाला ५,७०० रुपयांहून जास्त फरक, आणि तो ५९० रुपये वाचवण्यासाठी. स्कोअर टप्प्याच्या मधोमध असेल तर यातलं काहीच होणार नाही. पण तो नेमका कुठे आहे आणि किती उतरेल, हे आधी सांगता येत नसताना हा धोका घेण्यात अर्थ नाही. त्यांनी कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत कार्ड तसंच ठेवावं. फक्त मंजुरी मिळाली म्हणून घाई करू नये, कारण रक्कम देण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा पाहू शकते.

कर्ज घ्यायचंच नसेल तर गोष्ट वेगळी. येत्या वर्षभरात कुठलाही अर्ज करायचा नाही आणि उरलेल्या कार्डांवर प्रमाण आटोक्यात आहे, तर कार्ड बंद करावं. शुल्क भरत बसायचं कारण नाही. आणि कार्ड हातात असलं की खर्च आवरत नाही, त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, अशी अवस्था असेल, तर स्कोअरचा विचार बाजूला ठेवून बाकी चुकती करावी आणि कार्ड बंदच करावं. थकलेला एक हप्ता स्कोअरचं जेवढं नुकसान करतो, तेवढं कार्ड बंद केल्याने होत नाही.

कार्ड ठेवायचं ठरलं तर आधी बँकेला शुल्क माफ करायला सांगून पाहावं. बंद करतो म्हटल्यावर बऱ्याचदा शुल्क माफ होतं किंवा बिनशुल्काचं कार्ड देऊ केलं जातं. कार्ड बदलून घेताना मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : खातं जुन्याच तारखेने चालू राहील, की नवं खातं उघडलं जाईल? नवं उघडलं जाणार असेल तर इतिहासाच्या दृष्टीने ते जुनं बंद करण्यासारखंच आहे.

आणि ठेवलेलं कार्ड अधूनमधून वापरायलाही हवं. वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने सुरू करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँक तुम्हाला तसं कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बाकी नसलेलं कार्ड बंद करते. दोन-तीन महिन्यांतून एकदा मोबाइलचं किंवा विजेचं बिल त्यावर भरलं तरी पुरतं.

८. बंद करायचं ठरलं तर

विनंती करण्याआधी कार्ड मोकळं करावं लागतं. त्यावर चालू असलेले हप्ते फेडून टाका. वर्गण्या आणि विम्याचे हप्ते आपोआप कापले जात असतील तर ते दुसऱ्या कार्डावर वळवा. साठलेले पॉइंट वापरून घ्या. घरातल्या कुणाला त्याच खात्यावरचं जोडकार्ड दिलं असेल तर तेही बंद होईल, हे त्यांना आधी सांगा.

सर्वात जास्त गोंधळ शेवटच्या किरकोळ रकमेने होतो. मागच्या महिन्यात बाकी राहिली असेल, तर बिल तयार झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. माणूस समजतो सगळं फिटलं. इकडे शे-दीडशे रुपये बाकी राहतात, खातं बंद होत नाही आणि तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की ती थकबाकी म्हणून कळवली जाऊ शकते. म्हणून विनंती करण्याआधी ‘आजच्या तारखेला एकूण किती भरायचं?’ असं विचारून तीच रक्कम भरावी.

विनंती फोनवर, ईमेलने, बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून करता येते. टपालानेच पाठवा, असा आग्रह बँक धरू शकत नाही. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्याहून उशीर झाला तर प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये केला. बंद झाल्याचा एसएमएस किंवा ईमेल जपून ठेवा.

नंतर महिना-दीड महिन्याने आपला रिपोर्ट काढून पाहा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात त्या कार्डापुढे बंद झाल्याची तारीख हवी आणि बाकी शून्य हवी. तिथे Settled असं लिहिलेलं नाही ना, हे खास पाहा. या शब्दाचा अर्थ, देणं पूर्ण न फेडता तडजोड झाली, असा धरला जातो आणि पुढची बँक त्याकडे संशयाने पाहते. पूर्ण पैसे भरूनही तशी नोंद दिसली, किंवा कार्ड अजून चालूच दिसलं, तर कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवून जपून ठेवलेला तो संदेश पुरावा म्हणून जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.